शर्टातला वास

कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर पाऊल ठेवलं की मालकाचा चेहरा दिसायच्या आधी वास भेटतो. फवारणीच्या औषधांचा उग्र, घशाला किंचित चिकटणारा वास. त्याच्यामागे दाणेदार खताच्या पोत्यांचा कोंदट वास, बियाण्याला चोळलेल्या गुलाबी भुकटीचा कोरडा वास, आणि या सगळ्यांवर, सकाळी देवाच्या तसबिरीपुढे लावून विझलेल्या उदबत्तीची अगदी पातळ, हरत आलेली रेघ. उन्हाळ्यात शटरचा पत्रा तापतो, आतल्या डब्यांची झाकणं तापतात, आणि दुपारी एकच्या सुमाराला तो वास इतका दाट होतो की त्याला हाताने बाजूला सारून आत जावं लागेल असं वाटतं.

2013 च्या एप्रिलमध्ये हा वास माझ्या शर्टाला लागला. संध्याकाळी घरी आलो की आई दारातच म्हणायची, "आधी शर्ट काढ, बाहेर दोरीवर टाक." मी टाकायचो. पण वास दोरीवर थांबत नसे. उशीत यायचा, जेवताना हाताच्या बोटांतून यायचा. आणि का कोण जाणे, तेव्हा मला तो औषधांचा वास वाटतच नसे. मला तो नकाराचा वास वाटायचा.

आमच्या जालन्यात बियाण्याचा धंदा हवेत असल्यासारखा आहे. बद्रीनारायण बारवालेंनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे इथल्या पोराला शाळेतल्या धड्यासारखं पाठ असतं. त्यामुळे बियाणे कंपनीत लागलो म्हटल्यावर घरात पेढे वाटले गेले. कंपनी लहान होती, पगार बेताचा होता, हातात मोटारसायकल, खांद्याला पत्रकांनी फुगलेली बॅग आणि वाटणीला अंबड-घनसावंगीचा पट्टा. मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकून अंगात बळ येतं म्हणतात. मला नाही आलं. उलट, ज्या गावाने एवढा मोठा विक्रेता पाहिला त्याच गावात आपल्याला एक पाकीट कुणाच्या फळीवर ठेवता येऊ नये, याची लाज तेवढी जास्त वाटली.

आणि साल कोणतं, तर दुष्काळाचं. आदल्या पावसाळ्याने दगा दिलेला. जालना-अंबड रस्त्याने जाताना गोलापांगरीच्या आसपास मोसंबीच्या बागा लागतात. त्या वर्षी त्या बागा उभ्या वाळत होत्या. पानं गेलेली, फांद्या राखाडी, कुठे कुठे शेतकऱ्याने मन घट्ट करून झाडं तोडून बांधाला रचून ठेवलेली. समोरून पाण्याचे टँकर यायचे, त्यांच्या मागे रस्त्यावर पाण्याची एक वेडीवाकडी ओली रेघ उमटायची आणि माझी गाडी त्या रेघेवर पोचेपर्यंत ती सुकून गेलेली असायची. अशा शिवारात मी कपाशीचं बियाणं घ्या म्हणून सांगत फिरत होतो.

आमच्या भाषेत दुकानाला काउंटर म्हणतात. रोज आठ काउंटर करायचे, रात्री त्यांचा अहवाल लिहायचा. त्याला डीसीआर म्हणतात. दुकानाचं नाव, भेटीची वेळ, ऑर्डर किती, शेरा काय. शेऱ्याच्या रकान्यात मी पहिले तीन आठवडे जवळजवळ एकच शब्द लिहिला. नको. कधी कधी अक्षर बदलून लिहायचो, म्हणजे निदान बघायला तरी वेगळं वाटावं.

नकाराची एक गंमत आहे, तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. पहिला नकार कानावर पडतो. दुसरा, तिसराही कानावरच पडतो. पुढे पुढे मात्र तो ऐकूच येत नाही. तो आधीच पोटात बसलेला असतो, समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत. सहाव्या-सातव्या दुकानापुढे गाडी उभी करायची, हेल्मेट काढायचं, आरशात केस नीट करायचे, मग उगाच मोबाईल बघायचा, मग समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा. चहा संपला की अजून एक. आत जाऊच नये म्हणून मी किती कामं शोधली, त्यांचा डीसीआर लिहिला असता तर वही भरली असती. त्यातूनच एक सवय लागली. काही दुकानदार मायाळू असतात, खुर्ची देतात, चहा सांगतात, घरचं विचारतात आणि माल कधीच घेत नाहीत. मी त्यांच्याकडेच जास्त जाऊ लागलो. आठाचा आकडा भरायचा, जीवही रमायचा. ऊब हवी असलेल्या मांजरासारखा मी चुलीचुलीपाशी जाऊन बसत होतो.

एकदा त्याच्याही पुढे गेलो. संध्याकाळी आठवा काउंटर न करताच तो लिहून टाकला, वेळेसकट, शेऱ्यासकट. नको. न झालेल्या भेटीतसुद्धा मला होकार लिहायचं सुचलं नाही, हे आठवलं की आज हसू येतं आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

घनसावंगी तालुक्यात रस्त्याच्या कडेला एक दुकान होतं. दुकानाचं नाव राहू द्या. मालकांना सगळे काका म्हणत. उंच, सडसडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं मोजून-मापून, जणू प्रत्येक शब्दाचं बिल फाडावं लागणार आहे. त्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उभ्यानेच वाणाची माहिती सांगितली. बोंड केवढं, कोरडवाहूला कसा चालतो, स्कीम काय. काका तराजू पुसत राहिले. "नको." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा, "बघू मंग." तिसऱ्या वेळी दुकानात चार शेतकरी बसलेले होते. मी पत्रक पुढे केलं. काकांनी ते घेतलं, न बघताच त्याची घडी घातली, आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. चौघं हसले. काका हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

बाहेर आलो. ऊन असं होतं की डांबराला पाय चिकटावा. वास माझ्याबरोबर बाहेर आला होता. परतीच्या वाटेवर जांब समर्थचा फाटा लागला. रामदासांचं जन्मगाव. दासबोधात भिक्षेवर एक अख्खा समास आहे हे मला आजोबांमुळे ठाऊक होतं. दारोदार हात पुढे करणाऱ्या माणसाने भिक्षेवर शांतपणे समास लिहावा, आणि मला मात्र एका घडी घातलेल्या कागदावरून नोकरी सोडावीशी वाटावी. फाट्यावर लिंबाखाली बराच वेळ बसलो होतो. सोडायचीच, असं ठरवून उठलो.

त्या आठवड्यात आमचे साहेब माझ्याबरोबर फिरायला आले. याला जॉइंट वर्किंग म्हणतात. वरिष्ठाने नव्या पोराच्या मागे बसून त्याचे काउंटर बघायचे. साहेब पन्नाशीचे, नांदेडकडचे, तीस वर्षं याच धुळीतली. मला वाटलं होतं, ते दुकानात पुढे होतील, चार गोड शब्द बोलतील, ऑर्डर काढून दाखवतील आणि मग मला म्हणतील, बघ. त्यांनी तसं काही केलं नाही. काकांच्या दुकानात ते खताच्या पोत्यावर टेकले आणि गप्प बसले. मी माझं सगळं बोललो, एकही मुद्दा न गाळता. काका काहीतरी पुटपुटले. आम्ही बाहेर पडलो.

गाडी दीडेक किलोमीटर गेल्यावर साहेबांनी एका बाभळीखाली थांबायला सांगितलं. मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणाले, "तू तीन मिनिटं चाळीस सेकंद बोललास. काका बोलले अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत ते काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"नाही. नीट आठव."

मी खूप आठवलं. आठवेना. माझे सगळे शब्द मला आठवत होते, त्यांचा एकही नाही.

"‘आधी मागचं बघा ना भाऊ,’ असं म्हणाले," साहेब म्हणाले. "नको हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. तो तू घरून आणला होतास."

बाभळीच्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या. मी त्या शेंगांकडे बघत राहिलो. त्या वाक्याने मला धीर वगैरे आला नाही. उलट एखाद्याने भर रस्त्यात आपली चप्पल उलटी घातलेली दाखवावी तसं झालं. पण रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा ते अकरा सेकंद डोक्यात फिरत राहिले, आणि एक विचार हळूच आत आला. म्हणजे मी इतके दिवस ज्याला भीत होतो ते तिथे नव्हतंच, तिथे दुसरंच काहीतरी होतं.

साहेबांनी मला एक दोनशे पानी वही घ्यायला लावली. डीसीआर कंपनीसाठी, ही वही माझ्यासाठी. डाव्या पानावर दुकानदार बोलला ते, त्याच्याच शब्दांत, जसंच्या तसं. ‘नाही म्हणाले’ असं लिहायचं नाही, ‘मागचंच पडून हाये, नवं कुठं ठेवू’ असं लिहायचं. उजव्या पानावर मी काय बोललो ते. आणि खाली एक ओळ, पुन्हा जायचं कधी आणि हातात काय घेऊन. हे सगळं गाडीला किक मारायच्या आत, दुकानाच्या पायरीजवळच. "रात्री लिहशील तर तुझा मूड लिहशील," ते म्हणाले, "माणूस लिहिला जाणार नाही." ‘वाटलं’ हा शब्द वहीत चालणार नव्हता. काका चिडलेले वाटले, असं नाही. काकांनी पत्रक टेबलाखाली घातलं, असं. एवढ्याशा बदलाने काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण टेबलाखाली गेलेलं पत्रक कागदावर उतरलं तेव्हा ते पत्रकच उरलं. मी त्याच्याखालून निघालो.

दर रविवारी सकाळी साहेब फोन करायचे. सगळ्या भेटी नाही, आठवड्यातल्या फक्त दोन. एक जिथे सगळं बिनसलं ती, आणि एक जिथे काहीतरी जमलं ती. वाईट भेट आधी. मी डावं पान वाचायचो, मग उजवं. मग ते दुकानदार व्हायचे आणि मी पुन्हा त्या पायरीवरून आत शिरायचो, फोनवरच. दर वेळी त्यांचा एकच खोडा असायचा: "तो बोलून थांबला. आता तू मनात तीन मोज. मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." काय कठीण असतात ते तीन आकडे! दुकानदार थांबला की आपल्या छातीत एक पोकळी होते आणि तिच्यात आपण घाईघाईने शब्द ओततो. तीनपर्यंत थांबलं तर बहुतेकदा समोरचाच पुढचं वाक्य बोलतो, आणि खरं कारण त्या दुसऱ्या वाक्यात असतं.

त्या खोट्या भेटीचं पितळही अशाच एका रविवारी उघडं पडलं. मी लिहिलेल्या गावात त्या दिवशी कुणी मयत झालं होतं, सगळी दुकानं बंद होती. फोनवर बराच वेळ शांतता. मी तीन मोजले, तेरा मोजले. "कंपनीला फसवलंस ते मी बघून घेतो," ते म्हणाले, "पण उद्या कुठे जायचं ते वही सांगते. तिच्यात खोटं घातलं की ती तुलाही खोटंच सांगणार." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी आजही तो काढल्याशिवाय राहत नाही.

मग आम्ही मागचे तीन आठवडे चाळले. 144 भेटी, 13 ठिकाणी थोडाबहुत माल, बाकीचे 131 नकार. हे 131 मी रोज उशाशी घेऊन झोपत होतो. साहेबांनी मला ते घरातल्या बाईने तांदूळ निवडावेत तसे निवडायला बसवलं. 38 ठिकाणी मालक भेटलेच नव्हते. गल्ल्यावर पोरगं होतं किंवा नोकर, आणि त्याचं ‘नाही’ मी मालकाचं म्हणून लिहून मोकळा झालो होतो. 63 ठिकाणी पैसा अडकलेला, शेतकऱ्याकडची उधारी वसूल नाही किंवा मागच्या हंगामाची पाकिटं फळीवर पडून. 21 जणांच्या गिऱ्हाइकाला एक ठरावीक वाण हवा होता आणि तो आमचा नव्हता. उरले नऊ. त्या नऊ ठिकाणी मालक होता, वेळ होता, पैसाही होता, आणि तिथे मी घालवलं होतं; घाईने, नको तेवढं बोलून, किंमत विचारली तर स्कीम सांगून.

नऊ! मला हलकं वाटायला हवं होतं. एक प्रकारे वाटलंही. पण 131 ओझ्यासारखे होते, कसेही पाठीवर टाकता येत होते. हे नऊ चेहऱ्यासकट समोर उभे राहिले आणि टोचू लागले. ते टोचणं मला नंतर बरं वाटायला लागलं. ओझ्याचं काही करता येत नाही, काटा काढता येतो.

साहेब लगेच सावध करायचे, कारण ही निवडणी आळशी माणसाच्या हातात पडली तर तो सगळंच दुष्काळाच्या सुपात टाकेल. त्यांची एक परीक्षा होती. कारण गावोगाव त्याच शब्दांत येत असेल तर ते शिवारात आहे, वर कळव आणि पुढे चल. पण कारण दुकानागणिक बदलत असेल, इथे म्हणे भाव जास्त, तिथे म्हणे जागा नाही, पलीकडे म्हणे मुलाला विचारतो, तर समज की ते तुझ्या बोलण्यात आहे. माणसं टाळायला हाताशी येईल ते कारण देतात. मी वही उघडून डावी पानं सलग वाचली. ‘उधारी’, ‘मागचंच’, ‘उधारी’, ‘पाणी पडू द्या’, ‘मागचंच’. एखाद्या भजनाचं धृपद परत परत यावं तसे तेच शब्द. तालुका बोलत होता, आणि मला वाटत होतं की माणसं मला हिडीसफिडीस करतायत.

त्या 38 नी माझा दिवस बदलला. मालक का भेटत नव्हते? कारण मी अकराला घरून निघून एक ते चार या वेळात सगळे काउंटर करत होतो, आणि एप्रिलच्या उन्हात कुठला मालक त्या वेळी गल्ल्यावर बसेल! तो घरी जेवून आडवा झालेला असतो. म्हणून पहिलं दुकान नऊला, शटर वर जाताना, झाडू मारून पाणी शिंपडलेलं असताना, उदबत्ती अजून जळत असताना. अकरापर्यंत तीन दुकानं, आणि ती तीनही अशी की जिथे जायला पोटात गोळा येतो. चहावाली मायाळू दुकानं संध्याकाळी. दुपारी गावात पारावर, शेतकऱ्यांत, बॅग न उघडता. आणि आठाचा आकडा मालक भेटला तरच धरायचा. कधी लागोपाठ तीन ठिकाणी कडक ऐकून घ्यावं लागलं तर घरी पळायचं नाही. पाणी प्यायचं, तिन्ही पानं लिहून काढायची, आणि चौथ्याकडे जायचं.

हे वाचायला रुक्ष वाटेल. पण सकाळी उठल्यावर आज जाववेल का, हा प्रश्नच त्या वेळापत्रकाने माझ्या हातातून काढून घेतला होता. नऊला शटर वर जायचंच, त्याला माझ्या मनाशी देणंघेणं नव्हतं. सकाळच्या दुकानाचा वासही निराळा असतो, हे मला तेव्हा कळलं. रात्रभर बंद राहिलेला उग्रपणा शटरखालून एका झोतात बाहेर पडतो आणि मग शिंपडलेल्या पाण्याचा, धुळीचा, उदबत्तीचा वास वर येतो. पंधरा-वीस मिनिटं दुकान एखाद्या घरासारखं असतं.

अशाच एका सकाळी काकांकडे गेलो. बॅग गाडीलाच अडकवून आत गेलो आणि विचारलं, "काका, मागचा माल किती उरलाय?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. माझ्याकडे पाहिलं. एक, दोन, तीन. पंखा कुरकुरत होता. मग ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि दोन खोकी आणून माझ्यापुढे ठेवली. आमच्याच कंपनीची कपाशी, 450 ग्रॅमची पाकिटं, 27. लेबलवर तपासणीची तारीख मार्च 2012. तपासणीपासून नऊ महिने बियाण्याची मुदत. म्हणजे डिसेंबरातच संपलेली. विकता येत नाही, फेकवत नाही, आणि गुणनियंत्रणाचा निरीक्षक आला नि फळीवर दिसलं तर उत्तर काकांनी द्यायचं. पाऊस फसला म्हणून पेरणी फसली, पेरणी फसली म्हणून पाकिटं उरली, आणि परत घेऊ म्हणणारा माझ्या आधीचा पोरगा नोकरी सोडून गेलेला. ज्या कागदाची मी घडी होताना पाहिली होती त्यावर या 27 पाकिटांचं वजन होतं. टेबल उगाच थांबलं नव्हतं.

मी कार्बन लावून यादी केली, लॉट नंबर उतरवले, दोन्ही प्रतींवर सही केली, एक काकांना दिली. नव्या वाणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. वहीत उजवं पान त्या दिवशी एका ओळीचं झालं.

पंधरा दिवस गेले, क्रेडिट नोट आली नाही. मी वर विचारत होतो, वरून ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं येत होतं. आता काकांकडे कुठल्या तोंडाने जायचं? खरं सांगतो, नकार ऐकायला जाण्यापेक्षा हे जाणं जड होतं. पण वहीत तारीख लिहिलेली होती. गेलो, आणि म्हणालो, "काका, अजून आलं नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा सांगतो." काकांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "नाही आलं ते सांगायला कोणी येत नसतंय," ते म्हणाले. "बसा."

बसलो. तो वास चारी बाजूंनी होता, आणि किती वेळाने माझ्या ध्यानात आलं की मी तो अगदी सहज आत घेत होतो.

क्रेडिट नोट मेच्या अखेरीस आली. काकांनी ती उजेडात धरून वाचली, फाइलला लावली, आणि या साली आमचा नवा माल ठेवणार नाही म्हणून सांगितलं. उधारी सुटत नाही तोवर नाही. डाव्या पानावर मी ते जसंच्या तसं लिहिलं. तालुक्यात इतरत्र माझी पाकिटं हळूहळू फळ्यांवर बसू लागली होती, फार नाही, पोटापुरती. काकांच्या फळीवर मात्र आमचं एकही पाकीट बसलं नाही. वही कितीही नीट लिहा, दुष्काळाची उधारी तिने फिटत नाही.

मग जूनमध्ये पाऊस आला. त्या वर्षी तो वेळेवर आला. रात्रभर पडला आणि सकाळी नऊला मी घनसावंगीच्या रस्त्याला लागलो तेव्हा काळी जमीन फुगून वर आल्यासारखी दिसत होती, आणि हवेत ओल्या मातीचा असा घमघमाट होता की पोटभर श्वास घेऊनही पुरत नव्हता. काकांच्या दुकानासमोर बैलगाड्या, मोटारसायकली, दोन ट्रॅक्टर. आत चिखलाच्या पायांची ही गर्दी. जो तो ओरडून वाणाचं नाव सांगतोय, नोटा पुढे करतोय. काका एका हाताने पावती फाडतायत, दुसऱ्या हाताने पाकिटं मोजतायत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. माझं तिथे काहीच काम नव्हतं. मी दारातच थांबलो, निघायला वळलो.

"ओ भाऊ," आतून हाक आली. "उभे काय राहिलात? चपला काढा अन् या इकडं मागं. ती वरची खोकी फोडून द्या पटापट."

मी चपला काढल्या आणि गल्ल्याच्या पलीकडून आत गेलो. तासभर खोकी फोडत होतो, मागतील ती पाकिटं हातोहात देत होतो, एकही आमच्या कंपनीचं नाही. मातीचा वास दारातून आत येत होता आणि औषधांच्या वासात मिसळत होता, आणि बोटांना गुलाबी भुकटी लागत होती ती मी शर्टालाच पुसत होतो.